डझनाचा भाव ठरवला आणि माळ मोजायची राहिली

गणपतीच्या आधी घराच्या ओट्यावर सजावटीचं दुकान मांडायचं ठरवलं, म्हणून मी आणि माझी नणंद अमळनेरहून सकाळच्या गाडीने जळगावच्या घाऊक बाजारात गेलो. यादी नीट केली होती. त्यात सर्वात मोठी खरेदी कापडी झेंडूच्या माळांची होती, १० डझन.

पहिल्या दुकानात ५ फुटी माळेचा भाव ३०० रुपये डझन सांगितला, एक रुपया कमी करायला तयार नाही. दुसऱ्या ठिकाणी तशीच माळ छताला टांगलेली होती. भाव २८० वरून ओढत ओढत २६४ वर आला. "माल एकच शे, ताई, कोणालाही विचारा," दुकानदार म्हणाला. म्हणजे माळ २५ ऐवजी २२ रुपयांना, एकूण ३६० रुपये वाचले. आम्ही खुशीत २,६४० रुपये मोजले. गोडाऊनमधून प्लास्टिकमध्ये बांधलेले गठ्ठे आले, ते तसेच उचलले.

घरी पहिला गठ्ठा सोडला आणि माळ दाराच्या चौकटीला लावून पाहिली, तर एका बाजूला पुरेना. शिवणाचा टेप काढला. माळ ४ फूट. दुसरी, तिसरी, सगळ्या ४ फूट. फुलं नमुन्यासारखीच दाट, म्हणून हातात धरून फरक कळतच नव्हता. ६०० फुटांऐवजी ४८० फूट माल आला होता. पहिल्या दुकानात फुटाला ५ रुपये पडत होते, आम्ही साडेपाच दिले. स्वस्त म्हणून घेतलेला माल महाग पडला, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तो म्हणाला, "मी डझनाचा भाव दिला, फुटाचा नाही." त्याच्या कच्च्या चिठ्ठीवर फक्त "माळ १० डझन" लिहिलेलं होतं, लांबी कुठेच नाही. माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं.

तुम्ही जाल तेव्हा शिवणाचा टेप बरोबर ठेवा. तो ६० इंचांचा असतो, म्हणजे बरोबर ५ फूट. माळ ताणायची नाही, टेबलावर सैल ठेवून मोजायची. टांगलेल्या नमुन्यावर भाव ठरवू नका. गोडाऊनमधून आलेले एक-दोन गठ्ठे पैसे देण्याआधी तिथेच सोडायला लावा. दुकानदार कुरकुरला तर दुसरीकडे जा. आणि बिलावर "माळ, ५ फूट, १० डझन" असं लिहून घ्या. जरीची लेस, रिबन घेतानाही विचारा, रीळ मीटरचं की गजाचं? गज म्हणजे ३ फूट, मीटरपेक्षा साधारण ९ सेंटिमीटर कमी.

आम्ही त्या माळा "४ फुटी" अशी चिठ्ठी लावूनच विकल्या, भाव उतरवून. गिऱ्हाईकाने आमच्या ओट्यावर टेप लावला तर तो खरा उतरायला हवा होता.