घाट ओलांडणारी बेसलाइन: एकच स्केल फॅक्टर, तुकड्यांचा हिशेब की स्थानिक प्रक्षेप?

यूटीएम निर्देशांकांवरून काढलेले अंतर आणि जमिनीवर मोजलेले अंतर जुळत नाही, हे टोटल स्टेशन हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. कम्बाइन्ड स्केल फॅक्टरने, म्हणजे सीएसएफने, भागले की जुळते, हेही ठाऊक असते. अडचण पुढे येते. रेषा दहा-बारा किलोमीटरची असेल आणि वाटेत घाट असेल, तर कोणत्या जागेचा सीएसएफ धरायचा? खोपोलीच्या बाजूने चढून लोणावळ्याच्या पठारावर जाणारी १२.५ किलोमीटरची रेषा घेतली, तर वेगवेगळ्या पद्धतींच्या उत्तरांत मीटरभराहून अधिक फरक पडतो. आकडे उदाहरणापुरते सोयीचे घेतले आहेत, पण जागा आणि उंच्या त्या परिसराला धरून आहेत.

हा भाग यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतो, मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व. क हा पायथ्याचा पिलर: ईस्टिंग ३,२५,०००, एलिप्सॉइड उंची ५ मीटर. ख पठारावर: ईस्टिंग ३,३७,०००, उंची ५६० मीटर. नॉर्दिंगमधला फरक ३,५०० मीटर, म्हणून ग्रिड अंतर बरोबर १२,५००.००० मीटर.

सूत्र दोन भागांचे आहे:

```
k   = 0.9996 * (1 + x²/(2R²))     x = (E - 500000)/0.9996
EF  = R/(R + h)                   h = एलिप्सॉइड उंची
CSF = k * EF
जमिनीवरचे अंतर = ग्रिड अंतर / CSF
```

या अक्षांशावर R सुमारे ६,३६१ किलोमीटर घ्यावी. सवयीने ६,३७१ घेतली तर k मध्ये एक पीपीएमपेक्षा थोडी जास्त चूक येते, म्हणजे आपल्या रेषेवर दीड सेंटिमीटरच्या आसपास.

आता क आणि ख इथले आकडे पाहा. क जवळ k = ०.९९९९७८६ आणि उंचीचा घटक ०.९९९९९९२. ख जवळ k = ०.९९९९२८५ आणि उंचीचा घटक ०.९९९९१२०. पूर्वेकडे जाताना आपण मध्य रेखावृत्ताजवळ सरकतो म्हणून k कमी होतो, आणि घाट चढतो म्हणून उंचीचा घटकही कमी होतो. दोन्ही बदल एकाच दिशेचे आहेत. त्यामुळे सीएसएफ एकपेक्षा क जवळ २२ पीपीएमने, तर ख जवळ जवळपास १६० पीपीएमने कमी भरतो. या रेषेचे खरे दुखणे तेच आहे.

पद्धत निवडण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: ‘जमिनीवरचे अंतर’ म्हणजे नेमके कोणत्या जमिनीवरचे? क ते ख थेट जीएनएसएस व्हेक्टर मोजला आणि तो आडवा केला, तर ते अंतर दोन्ही टोकांच्या सरासरी उंचीवरचे, म्हणजे २८२.५ मीटर उंचीवरचे असते. मध्ये दरी आहे की डोंगर, त्याच्याशी त्या सरळ रेषेला देणेघेणे नसते. पण रस्त्याचे किंवा पाइपलाइनचे चेनेज तुकड्यातुकड्याने जमिनीवर टाकले जाते. तिथे प्रत्येक तुकडा आपापल्या उंचीवर असतो. दोन्ही अंतरे आपापल्या जागी बरोबर, पण एक नव्हेत. साइटवरची पुष्कळ भांडणे इथेच सुरू होतात, कारण दोघेही बरोबर असतात.

आपल्या रेषेचा उभा छेद असा धरा: पहिले ३ किलोमीटर पायथ्याचे, सरासरी उंची २५ मीटर. पुढचे २ किलोमीटर घाटाचे, सरासरी २९० मीटर. उरलेले ७.५ किलोमीटर पठाराचे, ५६० मीटर. प्रत्येक तुकड्याच्या मध्यबिंदूवरचा k आणि त्याची सरासरी उंची घेतली, की पहिल्या तुकड्याला ०.०९५, दुसऱ्याला ०.१६७ आणि तिसऱ्याला १.०८७ मीटर वाढ मिळते. बेरीज १.३४९. चेनेजसाठी हेच उत्तर खरे. त्याच्याशी बाकीचे ताडून पाहू:

| पद्धत | अंतर (मीटर) | तुकड्यांच्या उत्तरापासून फरक |
|---|---|---|
| फक्त क चा सीएसएफ | १२,५००.२७७ | −१.०७२ |
| फक्त ख चा सीएसएफ | १२,५०१.९९५ | +०.६४६ |
| टोकांच्या सरासरी उंचीचा सीएसएफ | १२,५०१.१४० | −०.२०९ |
| तीन तुकडे | १२,५०१.३४९ | – |
| पठाराच्या उंचीचा स्थानिक प्रक्षेप | १२,५०१.६९ | +०.३४ |

एकाच बिंदूचा सीएसएफ साऱ्या कामाला लावणे ही सगळ्यात रुळलेली पद्धत. साइट ऑफिस जिथे असेल तिथला फॅक्टर काढला, ड्रॉइंगवर लिहिला, काम सुरू. चार-पाच किलोमीटरच्या सपाट कामात यात काही बिघडत नाही. पठारावरच्या ७.५ किलोमीटरचेच काम असते, तर मधल्या बिंदूचा एक सीएसएफ मी बिनदिक्कत घेतला असता. घाट आला की मात्र ती सोय महागात पडते.

टोकांची सरासरी घेणारे एक पाऊल पुढे असतात, पण त्यांची चूक कुठून येते ते समजून घ्यायला हवे. k साठी दोन टोकांची सरासरी घ्या किंवा मधला बिंदू धरून सिम्पसनच्या नियमाने काढा, फरक ०.३ पीपीएमचा, म्हणजे साऱ्या रेषेवर चार मिलिमीटरही नाही. k सावकाश बदलतो, त्याच्यासाठी डोके शिणवू नये. २०९ मिलिमीटरचा फरक आला तो उंचीमुळे: टोकांची सरासरी २८२.५ मीटर, पण अंतराच्या प्रमाणात काढलेली जमिनीची सरासरी ३८८ मीटर. म्हणून उभा छेद हाती असेल तर तुकडे उंचीच्या बदलांवर पाडावेत, समान लांबीचे नकोत. उलट, काम दोन पिलरमधला थेट व्हेक्टर तपासण्याचे असेल, तर १२,५०१.१४० हेच योग्य उत्तर आणि तुकड्यांचे उत्तर चुकीचे. त्याची पडताळणीही करता येते: ५५५ मीटर उंचीफरक धरून त्यावरून तिरके अंतर काढले की १२,५१३.४५ मीटरच्या आसपास येते, आणि सॉफ्टवेअरने दिलेली व्हेक्टरची लांबी त्याच्याशी सेंटिमीटरभरात जुळायला हवी.

स्थानिक प्रक्षेपाचे आकर्षण वेगळे आहे. मध्य रेखावृत्त कामाच्या मधून न्यायचे आणि मापगुणक जमिनीच्या उंचीपर्यंत उचलायचा. मग निर्देशांकांतून निघणारे अंतर हेच जमिनीवरचे अंतर, आणि कोणालाही काही भागावे-गुणावे लागत नाही:

```
+proj=tmerc +lat_0=18.75 +lon_0=73.40 +k_0=1.000088
+x_0=50000 +y_0=20000 +ellps=WGS84 +units=m
```

k_0 मधले ८८ पीपीएम म्हणजे ५६० मीटर भागिले त्रिज्या. रेषा मध्य रेखावृत्तापासून दोन्हीकडे सहा किलोमीटरच जाते, त्यामुळे प्रक्षेपाची स्वतःची विकृती अर्ध्या पीपीएमच्या आत राहते. पठारावर वर्षानुवर्षे चालणारे काम असेल, ठेकेदार बदलणार असतील, तर मी हाच पर्याय निवडेन. पण उंचीचा प्रश्न तो सोडवत नाही. पठारासाठी बसवलेला प्रक्षेप पायथ्याला ८४ पीपीएमने चुकतो, तीन किलोमीटरला पाव मीटर. चूक २० पीपीएमच्या आत ठेवायची असेल, तर निवडलेल्या उंचीच्या वर-खाली १२७ मीटरपर्यंतच जमीन त्यात बसते. घाट त्यात बसणार नाही, तिथे दोन प्रक्षेप किंवा तुकडे, एवढेच मार्ग.

स्थानिक प्रक्षेपाऐवजी यूटीएमचेच निर्देशांक सीएसएफने भागून ‘ग्राउंड कोऑर्डिनेट’ बनवण्याची पळवाट पुष्कळ ठिकाणी दिसते. ती टाळावी. भागाकार शून्यापासून केला, तर वीस लाखांच्या पुढचे नॉर्दिंग १४५ पीपीएमने भागल्यावर बिंदू तीनशे मीटर उत्तरेला सरकतो, पण आकडा दिसायला यूटीएमसारखाच राहतो. दुसरा कोणी तो उपग्रह चित्रावर टाकतो आणि रस्ता शेजारच्या टेकडीवर जातो. करायचेच असेल तर एखाद्या पिलरभोवती स्केल करावे आणि पुढचे अंक कापून टाकावेत, म्हणजे हे यूटीएम नाही हे बघताक्षणी कळेल. वर प्रक्षेपात x_0 आणि y_0 मुद्दाम छोटे ठेवले आहेत ते याचसाठी.

पद्धत कोणतीही निवडा, महाराष्ट्रात एक चूक हमखास होते: h च्या जागी समुद्रसपाटीपासूनची उंची घालणे. आपल्या भागात जिऑइड एलिप्सॉइडच्या सुमारे ६५ मीटर खाली आहे. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावर जीएनएसएस उणे साठच्या पुढची उंची दाखवतो. बेंचमार्कवरून आलेली उंची तशीच वापरली, तर दहा पीपीएमची चूक, म्हणजे किलोमीटरला सेंटिमीटर. आपल्या रेषेवर ती १२८ मिलिमीटर होते.

दुसरी चूक दिशेची. भागायच्या जागी गुणले तर दुप्पट फरक पडतो, इथे २.७ मीटर. ‘जमिनीवरचे अंतर नेहमी मोठे’ अशी खूणगाठ बांधून ठेवणाऱ्यांनी मुंबईत जपावे. तिथे मध्य रेखावृत्तापासूनचे अंतर सव्वादोनशे किलोमीटर होते, k साधारण १.०००२३, म्हणजे ग्रिडवरचे अंतर जमिनीवरच्यापेक्षा किलोमीटरला २३ सेंटिमीटर जास्त. अहिल्यानगरजवळ उलट, जमिनीवरचे अंतर किलोमीटरला सुमारे ४८ सेंटिमीटर जास्त. फॅक्टर नेहमी सात दशांश स्थळांपर्यंत लिहावा. पाचच ठेवले तर नुसत्या पूर्णांकनाने आपल्या रेषेवर सहा सेंटिमीटरपर्यंत चूक येऊ शकते.

तिसरी चूक लपून बसते. टोटल स्टेशनमध्ये स्केल फॅक्टर भरलेला असतो आणि ऑफिसातले सॉफ्टवेअर तोच पुन्हा लावते. हे ओळखायला पठारावरचे किलोमीटरभर लांबीचे दोन पिलर पुरतात. यंत्रात स्केल १.००००००० ठेवून, हवेची दुरुस्ती मात्र चालू ठेवून, आडवे अंतर घ्यावे. ते ग्रिड अंतरापेक्षा सुमारे १४५ मिलिमीटर जास्त यायला हवे. फरक शून्य आला तर यंत्रात फॅक्टर अजून चालू आहे. तेवढेच अंतर १४५ मिलिमीटरने कमी दिसले तर फॅक्टर दोनदा लागतो आहे, आणि २९० ने जास्त दिसले तर कोणीतरी तो उलटा भरला आहे.