कॅक्टाय की कॅक्टसेस? दोन्ही बरोबर, पण मी एकच धरलंय

अमळनेरला इंग्रजीच्या ट्युशन घेतो, त्यामुळे कॅक्टसच्या अनेकवचनाचा हा वाद दरवर्षी कुणीतरी उकरतंच. आधीच सांगतो, डिक्शनरीत दोन्ही दिलेले असतात, म्हणून कुठलंही लिहा, मार्क कापायचं कारण नाही.

कॅक्टायची बाजू तशी भक्कम आहे. शब्द मुळात ग्रीक, लॅटिनने तो आपल्यात घेतला आणि ज्या गटात टाकला त्यात शेवटचा 'अस' जाऊन अनेकवचनात 'आय' येतो. झाडांवरच्या पुस्तकांत जास्त करून हेच दिसतं, त्यामुळे बॉटनीवाल्यांसमोर मी पण गपचूप कॅक्टाय म्हणतो. कॅक्टसेस म्हणजे बससारखं साधं इंग्रजी अनेकवचन, बोलायला जरा ओबडधोबड वाटतं हे मान्य.

तरी मला कॅक्टाय नकोसं झालं ते एकाच गोष्टीमुळे. पोरांना हे एकदा शिकवलं की 'अस' दिसला की 'आय' लावत सुटतात, कॅम्पसचं कॅम्पाय, व्हायरसचं व्हायराय, आणि वर एकवचन विसरतात ते वेगळंच, नर्सरीत एकच कुंडी हातात धरून 'वन कॅक्टाय' म्हणणारे पाहिलेत. कॉलेजच्या गेट-टुगेदरला 'मी इथला अलम्नाय' म्हणणारे तर ढिगाने, अरे बाबा तू एकटा आहेस, अलम्नस म्हण!

आणि 'अस'वाले सगळे एका घरचे नसतातच. ऑक्टोपस घ्या. त्यातला 'पस' म्हणजे ग्रीकमधला पाय, ग्रीक पद्धतीने गेलं तर ऑक्टोपोडीज होईल, मग ऑक्टोपाय आलं कुठून? नुसतं कॅक्टायचं बघून. बोलतात लोक, काही डिक्शनऱ्या देतातही, पण ऑक्टोपसेस म्हटलं की कुणी वाकडं बघत नाही. स्टेटस लॅटिनच आहे पण गट वेगळा, तिकडे अनेकवचनही स्टेटसच लिहितात, म्हणून इंग्रजीत स्टेटसेस, स्टेटाय नाही. जीनसचं तर जेनेरा होतं, आता बोला.

म्हणून माझी पद्धत अशी की डिक्शनरीत जे पहिलं दिलंय ते बघायचं, मग त्या विषयाची माणसं काय म्हणतात ते, आणि शब्दाचं मूळ नक्की माहीत नसेल तर सरळ 'एस' लावून मोकळं व्हायचं. इंडेक्ससारख्या शब्दाला दोन्ही रूपं कामाची आहेत, पुस्तकामागच्या त्या इंडेक्सेस आणि गणितातल्या घातांकांना इंडिसेस. फंगस नि अलम्नसला मात्र 'आय'च लावा, फंगसेस डिक्शनरीत सापडेल पण अलम्नसेस म्हणालात तर लोक हसतील. कॅक्टसला तशी सक्ती नाही, तुम्हाला कॅक्टाय गोड वाटत असेल तर खुशाल लिहा, फक्त एका निबंधात वर कॅक्टाय नि खाली कॅक्टसेस असं करू नका. माझ्या नोट्समध्ये कॅक्टसेसच आहे.