पावसाच्या तक्त्यातील रिकामे रकाने: अंदाज कसा भरावा आणि त्याची खूण कुठे ठेवावी

पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींत एखादा दिवस रिकामा राहिला, तर तो तसाच ठेवावा की अंदाजाने भरावा, आणि भरल्यास अंदाज व मोजणी यांतील फरक कसा दाखवावा, असा पेच तक्ता तयार करणाऱ्यापुढे येतो. हाच प्रश्न तापमानाबाबत असता तर उत्तर सोपे होते, कारण तापमान आदल्या आणि दुसऱ्या दिवसाशी बरेचसे बांधलेले असते. पाऊस तसा नसतो.

उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. आपल्या केंद्रावर आदल्या दिवशी १८ मिमी व नंतरच्या दिवशी ६ मिमी पाऊस आहे, मधला दिवस रिकामा आहे. जुलैची दीर्घकालीन सरासरी आपल्या केंद्राची ६०० मिमी, तर शेजारच्या दोन केंद्रांची ८०० व ५०० मिमी आहे. त्या दिवशी शेजाऱ्यांकडे अनुक्रमे ६४ व ४५ मिमी पाऊस झाला.

रिकाम्या जागी शून्य भरणे हा सर्वांत वाईट पर्याय होय, कारण शून्य हीदेखील मोजणीच असते: निरीक्षकाने पाहिले आणि पाऊस नव्हता. महिन्याची दैनिक सरासरी भरली तर सुमारे १९ मिमी येतात. त्यामुळे महिन्याची बेरीज फारशी बिघडत नाही, पण भारतीय हवामान विभाग २.५ मिमी किंवा अधिक पावसाचा दिवस ‘पावसाळी दिवस’ मानतो, म्हणून जुलैतील प्रत्येक रिकामा दिवस आपोआप पावसाळी ठरतो आणि चढउतारही खोटेच सौम्य दिसू लागतात. आदल्या व नंतरच्या दिवसांमधून सरळ रेषा ओढली तर १२ मिमी मिळतात, म्हणजे शेजारी धो धो पाऊस पडल्याची दखलच घेतली जात नाही.

सरासरी-गुणोत्तर पद्धत शेजाऱ्यांचा पाऊस आपल्या केंद्राच्या मापात आणते. पहिल्याचे ६४ गुणिले ६००/८०० म्हणजे ४८, दुसऱ्याचे ४५ गुणिले ६००/५०० म्हणजे ५४, आणि दोहोंची सरासरी ५१ मिमी. दैनिक नोंदींसाठी मी हीच निवडेन, मात्र शेजारी एकाच हवामानाचे असावेत. महाबळेश्वर आणि वाई नकाशावर जवळ दिसतात, पण एक घाटमाथ्यावर तर दुसरे पर्जन्यछायेत आहे; वाईत पाऊस नसतानाही महाबळेश्वरला झोडपणारा पाऊस असू शकतो आणि शून्याला कोणत्याही गुणोत्तराने गुणले तरी शून्यच राहते. शेजाऱ्यांची निवड तपासायची असेल, तर आपल्याकडे मोजलेले काही दिवस मुद्दाम झाकून त्यांचा अंदाज काढावा आणि खऱ्या आकड्यांशी ताडून पाहावा.

आता खुणेचा प्रश्न. रकाना पिवळा करणे डोळ्यांना सुखावते, पण फाइल CSV म्हणून साठवताच रंग नाहीसा होतो. आकड्यापुढे तारा लावून 51* लिहिले, तर तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि एक्सेलचे SUM त्या रकान्याला गुपचूप वगळते; चूक दिसत नाही, बेरीज मात्र कमी येते. म्हणून स्थितीचा वेगळा स्तंभ ठेवणेच योग्य होय. युरोस्टॅटच्या तक्त्यांतही अंदाजित आकड्यासोबत e ही खूण असते. मूळ स्तंभ न बदलता भरलेला आकडा निराळ्या स्तंभात ठेवला, तर पुढे पद्धत बदलणेही सोपे जाते. खालील पायथॉन कोडमध्ये paus हा मूळ स्तंभ आहे आणि andaj हा शेजाऱ्यांवरून आधीच काढलेल्या अंदाजांचा.

```python
df["sthiti"] = "mojlela"
rikama = df["paus"].isna()
df.loc[rikama, "sthiti"] = "andaj"
df.loc[rikama & df["andaj"].isna(), "sthiti"] = "nahi"
df["paus_bharlela"] = df["paus"].fillna(df["andaj"])
```

नेहमीची चूक अशी की paus स्तंभच आधी भरला जातो आणि मग isna() विचारले जाते. तेव्हा रिकामे काहीच उरलेले नसते आणि सगळे आकडे मोजलेले ठरतात. शेजाऱ्यांकडेही नोंद नसेल तो दिवस nahi म्हणून रिकामाच राहू द्यावा. मासिक बेरीज देताना त्यात किती दिवस अंदाजाचे आहेत, ती संख्या शेजारी लिहावी; कमाल पाऊस किंवा पावसाळी दिवस मोजताना मात्र अंदाजित दिवस बाजूला ठेवावेत.

एक प्रकार या सर्वांतून निसटतो. निरीक्षक रविवारी आला नाही आणि सोमवारी सकाळी साडेआठला त्याने मापक रिकामा केला, तर सोमवारच्या आकड्यात दोन दिवसांचा पाऊस असतो. तेथे रविवार अंदाजाने भरला की तो पाऊस दोनदा मोजला जातो. सुट्टीनंतरचे आकडे शेजाऱ्यांच्या मानाने सातत्याने मोठे दिसले, तर हाच संशय घ्यावा. अशा वेळी एकूण आकडा तसाच राखून शेजाऱ्यांच्या प्रमाणात दोन दिवसांत वाटावा आणि दोन्ही दिवसांना ‘विभागलेला’ अशी निराळी खूण द्यावी, कारण येथे बेरीज मोजलेली असते, अंदाज फक्त वाटणीचा असतो.