तिघांच्या तिकिटातून एकाला वगळताना: कोणाचं नाव काढायचं?

मूर्तिजापूरहून मुंबईला लग्नाला जायचं आहे, रेल्वेचं स्लीपरचं तिघांचं ऑनलाइन तिकीट आहे. काका-काकू कन्फर्म, पोरगा आरएसीवर, म्हणजे बसायला जागा पक्की पण पूर्ण बर्थ अजून नाही. अन् नेमकं त्याच आठवड्यात सोयाबीन काढणीला मशीन मिळालं. हिशेबासाठी माणशी भाडं ४०० रुपये धरू.

फक्त काकांचं नाव काढलं आणि गाडीला अजून बरेच दिवस असले, तर १२० रुपये कापून २८० परत मिळतात. गाडी जवळ येते तशी कपात वाढते आणि शेवटच्या काही तासांत हाती काहीच येत नाही. काकूंचा बर्थ मात्र जागचा हलत नाही, पीएनआरही तोच राहतो. काकांचा बर्थ पोराला घरचा म्हणून मिळत नाही, तो आरएसीच्या रांगेत पहिला असेल त्याला जातो. पोरगाच पहिला असेल तर त्याला मिळेल, नाहीतर तो एक पाऊल पुढे सरकेल एवढंच.

फक्त पोराचं नाव काढलं तर ६० रुपये कापतात. हे स्वस्त दिसतं, पण इथेच लोक फसतात. आता तिकिटावर उरलेले दोघंही कन्फर्म आहेत. पुढे काका-काकूंनाही जाणं जमलं नाही, तर लवकर रद्द करूनही १२० प्रमाणे २४० कापले जातील. आधीचे ६० धरून ३०० गेले.

तिघांचंही एकदम रद्द केलं तर? २०१५च्या परतावा नियमांनुसार, एकाच तिकिटावर काही कन्फर्म आणि काही आरएसी किंवा वेटिंगवर असतील आणि सगळ्यांचं रद्द केलं, तर कन्फर्मवाल्यांचेही फक्त ६० कापतात. १२०० मधून १८० गेले, १०२० परत. ही सवलत गाडी सुटायच्या वेळेआधी अर्ध्या तासापर्यंत असते. चार्ट म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी लागल्यावर ऑनलाइन रद्द होत नाही, तेव्हा त्याच मुदतीत सगळ्यांसाठी टीडीआर म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. मधल्या काळात पोरगा कन्फर्म झाला, तर सवलत संपली. म्हणून रोज पीएनआर बघत जा.

माझं मत असं, की जाणं नक्की असेल तर ज्याला यायचं नाही त्याचंच नाव आजच काढा. सगळ्यांचंच डळमळीत असेल तर आरएसीवाल्याला आधी मुळीच काढू नका.

ऑनलाइन तिकिटावर उरलेले सगळे चार्टनंतरही वेटिंगवरच राहिले, तर नावं आपोआप गळतात, पैसे परत येतात, पण गाडीत बसता येत नाही. गावातल्या एजंटकडून काढलं असेल तर परतावा त्याच्याच खात्यात जातो, म्हणून रद्द करतानाच त्याच्याकडून रक्कम लिहून घ्या आणि उरलेल्यांची नवी स्लिप काढून घ्या. खिडकीवरचं तिकीट असेल तर मूळ कागद घेऊन खिडकीवरच जा, तिथे उरलेल्यांचं नवं तिकीट हातात मिळतं.