गरम पाण्याची लांब लाइन: आवरण घालावं की पाइप बारीक करावा?

गीझरपासून नळ 15 मीटर लांब आणि पाइप आतून 20 मिमी असेल, तर त्यात साधारण 4.7 लिटर थंड पाणी साचलेलं असतं. मिनिटाला 6 लिटर धार धरली तर 47 सेकंद ते नुसतं वाहून जातं, वर पाइप तापायचा वेळ वेगळा.

फोमचं आवरण हे पाणी कमी करत नाही. रात्रभरात आवरणातलं पाणीही निवतं, त्यामुळे सकाळची पहिली वाट तेवढीच. फायदा लागोपाठच्या आंघोळींना. मात्र पाइपच्या वळणावरचे एल्बो उघडे सोडू नका.

आतून 15 मिमीचा पाइप घेतला तर पाणी 2.7 लिटर, वेळ 27 सेकंद. पण एकाच नळासाठी. दोन नळ एकदम उघडले की धार मरते. भिंत फोडायचीच असेल तर आधी पाइपच बारीक करावा.