सोनू, तुझी यादी वाचली. आता माझे 10,690 रुपये कसे गेले ते वाच

तू काल रात्री जो स्क्रीनशॉट पाठवलास, त्यात चेहऱ्याला लावायच्या सात बाटल्या आहेत आणि खाली एकूण 3,912 रुपये लिहिलेत. दहावी संपली, हातात वेळ आहे, रीळ बघून बघून हे सुचलंय, सगळं समजतं मला. फोनवर ओरडले असते तर तू फोन ठेवला असतास, म्हणून लिहितेय. तुझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलास तरी चालेल, फक्त माझं नाव काढ. ऑफिसात अजून कोणाला माहीत नाही.

मी फसले ते आपल्या ठाणे-वाशी गाडीत, लेडीज डब्यात. तुला वाटेल, ताई एवढी शिकलेली आणि गाडीतल्या बाईकडून क्रीम घेतलं? पण ती काही कानातली विकणारी नव्हती गं. रोजच्या गाडीला असायची, कोपरखैरण्याला उतरायची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. वर्षभर आम्ही एकमेकींसाठी जागा धरल्या होत्या. भाऊ बँकॉकला असतो, तिथून येतं म्हणाली. आणि तिचा स्वतःचा चेहरा असा तुळतुळीत, की विचारावंसं वाटायचं. डिसेंबरात घरात दिराचं लग्न होतं आणि सासूबाई दोनदा म्हणाल्या होत्या, 'तोंड किती ओढल्यासारखं दिसतंय.' मग मी विचारलं.

जुलैत तिला यूपीआयने 2,650 रुपये दिले. रात्रीचं क्रीम 1,100, व्हिटॅमिन सी सीरम 950, पील 600. क्रीमची डबी बोटभर उंचीची, 20 ग्रॅमची. तिला खोका नव्हता. मी विचारलंसुद्धा, की यात काय काय आहे ते कुठे लिहिलंय. ती म्हणाली, 'खोक्यावर असतं गं, पण खोके सामानात जागा खातात म्हणून भाऊ काढून टाकतो.' मला ते पटलं! डबीवर सोनेरी स्टिकर, परकी अक्षरं, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून दूध घेणारी बाई मी.

चौथ्या दिवशी सकाळी हनुवटीवरच्या पुटकुळ्या बसल्या होत्या. आठवड्यात चेहरा एक छटा उजळ. आता कळतं, खरं तर तिथेच हात थांबायला हवा होता. साधं चांगलं क्रीम चार दिवसांत असं काही करत नाही. पुटकुळ्यांच्या खऱ्या औषधालाही सहा-आठ आठवडे लागतात. चार दिवसांत लाली, सूज, पुटकुळ्या सगळं गायब होतं ते स्टिरॉइडने. ते कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं, सूज दाबतं, रंगही फिका करतं. आजार तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो, आणि तोवर वरची कातडी पातळ होत जाते.

पण मी स्वतःला सगळ्यात जास्त शिव्या घालते त्या गणपतीतल्या पाच दिवसांसाठी. आम्ही कुडाळला सासरच्या घरी गेलो आणि डबी कोपरीला कपाटात राहिली. तिसऱ्या दिवशी आरतीला उभी असताना समईच्या उबेनेसुद्धा गाल भाजल्यासारखे झाले. चौथ्या दिवशी दोन्ही गालांवर लाल चट्टे आणि आधी कधीच नव्हत्या अशा बारीक पुटकुळ्या, ओळीने. आणि मी काय निष्कर्ष काढावा? 'बघ, क्रीम सोडलं तर चेहरा बिघडला, म्हणजे क्रीम किती चांगलं होतं!' विहिरीच्या पाण्याला दोष दिला, उन्हाला दिला, मोदकांच्या नारळालासुद्धा दिला. परत आले ती थेट दोन डब्या घेतल्या, 2,200 रुपये. रात्री लावलं, सकाळी चट्टे गेले. माझी खात्रीच पटली.

सोनू, हे एवढं लक्षात ठेव. एखादं क्रीम थांबवल्यावर चेहरा पूर्वीपेक्षा वाईट झाला आणि परत लावताच बरा झाला, तर ती सवय लागलेली असते. दारूचं असतं तसंच. ते लावत राहायचं नाही आणि परस्पर दुसरं काही थोपायचंही नाही, डबी घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे जायचं.

दिवाळीनंतर आणखी एक डबी, 1,100. लग्नातले फोटो छान आलेत, ते बघून आता पोटात गोळा येतो. जानेवारीत क्रीम लावूनही आग व्हायला लागली, सकाळच्या गाडीत खिडकीशी बसवेना. डॉक्टरांनी भिंगातून गाल पाहिले आणि पहिला प्रश्न केला, 'कोणतं क्रीम लावता?' मी म्हटलं, बाहेरचं आहे. त्यांनी आरसा हातात दिला. गालांवर केसासारख्या बारीक लाल रेघा, आणि कानाजवळ लव वाढलेली. म्हणाल्या, अशा आठवड्याला दोन-तीन मुली येतात. चार वेळा जाणं झालं, 700 प्रमाणे 2,800, औषधं 1,940. वर डब्या, सीरम आणि पीलचे 5,950. मिळून 10,690, आणि चेहरा अजून पूर्ण बरा नाही. महिने लागतील म्हणाल्यात.

यात फक्त मीच मूर्ख होते असं मला वाटत नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम सरकारने 2018 मध्ये केला. मग ती डब्याडब्यांतून कशी फिरतात? हे विचारायला मी गेले, तर काय मिळालं ते ऐक. बाईचा नंबर बंद, गाडीतही ती दिसेनाशी. बँक म्हणाली, पिन तुम्ही स्वतः टाकलात, ही फसवणूक नाही, खरेदी आहे. खाडीच्या अलीकडच्या पोलिसांनी विचारलं, डबी हातात कुठे घेतली? चालत्या गाडीत. मग रेल्वेकडे जा. रेल्वेवाल्यांनी विचारलं, कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये? मी म्हटलं, साहेब, घणसोली येत होतं. मग पलीकडच्यांकडे जा. पलीकडच्यांनी विचारलं, पैसे पाठवले तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरी, कोपरीला. मग अलीकडे जा. ठाण्याहून ठाण्यात, तीन अर्ध्या रजा गेल्या. एका हवालदाराने तर माझ्याकडे नीट बघून म्हटलं, 'मॅडम, चेहरा तर बराय की तुमचा.' औषधांच्या कार्यालयात त्याहून मजा. बिल आणा. बिल नाही. मग सीलबंद नमुना आणा. साहेब, सील फोडल्याशिवाय तोंडाला कसं लावणार? म्हणे उघड्या डबीत तुम्हीच काहीतरी मिसळलं नसेल कशावरून! एक अर्ज ठेवून घेतला, पोचही हाताने लिहून दिली, शिक्का नाही. दोन महिने झाले. म्हणून सांगते, पैसे ऑनलाइन फसवून गेले तर त्याच तासाला 1930 हा नंबर लावायचा. माझ्यासारखं सहा महिन्यांनी जागं होऊन उपयोग नाही. आणि बिल नसेल तर काहीही घ्यायचं नाही, अगदी पन्नास रुपयांचं असलं तरी.

आता तुझी यादी. सोळाव्या वर्षी तीन गोष्टी लागतात, त्या मी नेरूळच्या मेडिकलमधून बिलावर घेतल्यात, येताना आणते. फेसवॉश 265, मॉइश्चरायझर 310, सनस्क्रीन 420. एकूण 995. फेसवॉश साधा, वासाचा नाही, दाणेदार नाही, सकाळ-संध्याकाळ दोनदाच. धुतल्यावर कातडी करकरीत ताणली तर तो कडक आहे, स्वच्छ नाही. तू दिवसातून पाच वेळा तोंड धुतेस म्हणून तेल जास्त सुटतंय असं वाटत असेल, तर आधी ते कमी करून बघ. मॉइश्चरायझर तेलकट चेहऱ्यालाही लागतो, फक्त हलका, जेलसारखा, ओल्या चेहऱ्यावर. आणि सनस्क्रीनला कंजूषी नको. एसपीएफ 30 पुरे, पण तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. मटारच्या दाण्याएवढं लावून 50 लिहिलेलं मिळत नाही. क्लासला दुपारी चालत जाणार असशील तर दोन-तीन तासांनी परत.

बाकीचं खोडलंय. रेटिनॉल सुरकुत्यांसाठी असतं, तुला कुठे आहेत? पुटकुळ्यांना त्याच जातीचं औषध डॉक्टर देतात, पण ते त्यांनी बघून द्यायचं. ते लाल रंगाचं पील, ज्याच्यात 30 टक्के आम्ल असतं, दहा मिनिटांत धुवायचं असतं. मुली रीळ बघत बसतात आणि वीस मिनिटं जातात, मग भाजतं. व्हिटॅमिन सी चांगलं असतं, पण हवा, ऊन आणि उकाड्यात लवकर मरतं. माझं 950 चं पहिल्याच दिवशी चहासारखं होतं, म्हणजे आधीच गेलेलं, आणि मी त्याला 'असली रंग' समजले. दहा टक्के नायसिनामाइड, ते गोगलगायीच्या चिकाचं, काळा ओढायचा मास्क, काही नको. आईचं लिंबूसुद्धा नको, तिला मी सांगते.

डबी बघताना मात्र अशी उलटी करून बघ. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटकांची यादी. परदेशी असेल तर इथे आणणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. यातलं एक जरी नसलं तरी खाली ठेव. आणि ट्यूबवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध आहे, कोणी 'गोरेपणाचं क्रीम' म्हणून देत असलं तरी.

आणखी एक, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. भाऊबीजेला मी नेरूळला राहिले तेव्हा तू माझ्या डबीतलं थोडं कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात काढून घेतलंस. आईने परवा सांगितलं. ओरडत नाहीये. किती दिवस लावलंस तेवढं खरं सांग. दोन-चार दिवसच असेल तर घाबरू नकोस, पण अजून लावत असशील तर डॉक्टरांची वेळ घेते, पैसे मी भरते, बाबांना सांगायची गरज नाही. करंडा फेकू नकोस आणि धुऊही नकोस. रविवारी घ्यायला येते. त्या साहेबांना सीलबंद नमुना हवाय, तो काही मिळणार नाही, पण वेगवेगळ्या डब्यांतले दोन उघडे नमुने टेबलावर ठेवून बघते काय म्हणतो ते.