आधी लक्ष्य की आधी खर्च? घाण्याच्या तेलासाठी विक्रीचा आराखडा लिहिण्याच्या दोन पद्धती

लाकडी घाणा बसवला, शेंगदाणा तेल चांगलं निघतंय, आता मार्केटिंग आणि विक्रीचा सहा महिन्यांचा आराखडा लिहायचाय. तो दोन दिशांनी लिहिता येतो. एकात सहाव्या महिन्याची विक्री आधी ठरवायची आणि मागे मागे येत खर्च काढायचा. दुसऱ्यात खिशात आहे तेवढा खर्च आधी मांडायचा आणि त्यातून किती विक्री होईल ते पुढे मोजत जायचं. तुमच्याकडे स्वतःच्या नोंदी नसतील, तर पहिले तीन महिने दुसरी पद्धत घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. कारण आकड्यांतच दिसतं.

उदाहरण म्हणून काही आकडे धरू. तीन लिटरचा कॅन १,००० रुपयांना. दाणे, कॅन, घरपोच पोचवणं वजा जाता हातात २४० रुपये. सहाव्या महिन्याचं लक्ष्य ३ लाखांची विक्री, म्हणजे ३०० ऑर्डरी. मोबाइलवरच्या जाहिरातीतून एक चौकशी ४० रुपयांना पडते, पाच चौकश्यांमागे एक जण घेतो, आणि या महिन्यात घेणाऱ्या शंभरांपैकी साठ जण पुढच्या महिन्यात पुन्हा घेतात.

लक्ष्यापासून मागे आलो, तर दर महिन्याला १२६ नवी गिऱ्हाइकं लागतात. त्यासाठी ६३० चौकश्या, म्हणजे महिना सुमारे २५,२०० रुपये. कागदावर सुरेख बसतं. पण साठऐवजी चाळीसच जण परत आले, तर दर महिन्याला १८१ नवी गिऱ्हाइकं लागतात. त्यातच पाचऐवजी आठ चौकश्यांमागे एक जण घेणारा निघाला, तर महिन्याचा खर्च ५८,००० रुपयांच्या घरात जातो. दोनच अंदाज थोडे चुकले आणि खर्च दुपटीच्या वर गेला, कारण या साखळीत चुकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ज्याने अजून पन्नास कॅनही विकलेले नाहीत, त्याच्याकडे हे दोन्ही आकडे कुठून येणार? इंटरनेटवरून उचललेली टक्केवारी कपड्यांच्या किंवा क्लासेसच्या धंद्याची असते. तेलाला ती लागू पडत नाही.

खर्चापासून पुढे जाणारा आराखडा दिसायला गरीब असतो. समजा महिन्याला १५,००० रुपये आहेत. त्यातले ८,००० जाहिरातीला, ७,००० रविवारच्या दोन सोसायटी स्टॉलना: जागेचं भाडं, टेम्पो आणि एका माणसाची हजेरी धरून. जाहिरातीतून २०० चौकश्या आणि ४० गिऱ्हाइकं, दोन स्टॉलवरून ३०. असे महिन्याला ७० नवे लोक धरले, तर सहाव्या महिन्यात साधारण १६७ ऑर्डरी होतात. लक्ष्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त. वाचायला बरं वाटत नाही, पण दाणे किती भरायचे आणि घरचे किती पैसे अडकतील हे या आकड्यावर ठरवलं, तर फसगत होत नाही.

महिन्यांचे टप्पे लिहिताना मागे येणाऱ्या पद्धतीत एक खड्डा हमखास येतो. लोक ३०० ऑर्डरींचे सहा सारखे भाग करतात: ५०, १००, १५०. जिना नीट दिसतो. पण फेरऑर्डरी वजा करून प्रत्येक पायरीला नवी गिऱ्हाइकं किती लागतात ते पाहा:

| महिना | समान पायऱ्या: ऑर्डरी | त्यासाठी नवी गिऱ्हाइकं | दरमहा १२६ नवी: ऑर्डरी |
|---|---|---|---|
| १ | ५० | ५० | १२६ |
| २ | १०० | ७० | २०२ |
| ३ | १५० | ९० | २४७ |
| ४ | २०० | ११० | २७४ |
| ५ | २५० | १३० | २९० |
| ६ | ३०० | १५० | ३०० |

विक्रीच्या पायऱ्या सारख्या ठेवल्या, तर जाहिरातीचा खर्च पहिल्या महिन्याच्या १०,००० वरून सहाव्यात ३०,००० वर न्यावा लागतो. बजेटच्या रकान्यात मात्र बहुतेक जण दर महिन्याला एकच रक्कम लिहितात. चौथ्या महिन्यात विक्री मागे पडली की दोष जाहिरातीला जातो. खरी चूक कागदावर पहिल्याच दिवशी झालेली असते. उलट नवी गिऱ्हाइकं सारखी ठेवली, तर शेवटचा रकाना सांगतो की वाढ सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. ते मंदावणं अपयश नसतं.

पुढे जाणाऱ्या पद्धतीत पहिल्या दोन महिन्यांचा टप्पा विक्रीचा नसून माहितीचा असतो, आणि म्हणूनच मला ती नव्या धंद्याला योग्य वाटते. पहिल्या महिन्याअखेर किमान दीडशे चौकश्या आणि त्यांतून झालेल्या ऑर्डरी लिहिलेल्या हव्यात. वीस चौकश्यांवरून काढलेलं प्रमाण फेकून द्यावं. चौकश्या भरपूर पण घेणारे कमी असतील, तर जाहिरातीत भाव छापलाय का ते आधी बघा. भाव छापला की चौकश्या घटतात आणि महाग पडतात, पण विचारणाऱ्यांतले घेणारे वाढतात. मोजायचं ते एका गिऱ्हाइकामागे किती पैसे गेले हे.

फेरऑर्डरीचा आकडा त्याहून उशिरा कळतो. चार माणसांच्या घरात तीन लिटर तेल महिनाभर पुरतं, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकांचं खरं प्रमाण पंचेचाळिसाव्या दिवसाआधी वाचू नये. दिवाळीच्या फराळासाठी आलेली गिऱ्हाइकं वेगळी लिहावीत. ती मिसळली की त्या महिन्यात विक्री फुगते आणि पुढच्या महिन्यात परत येणारे अचानक घटल्यासारखे दिसतात. हा आकडा एवढा महत्त्वाचा का, तर साठ टक्के परतले तर एक गिऱ्हाईक सरासरी अडीच वेळा घेतं आणि त्यातून हातात ६०० रुपये उरतात. चाळीस टक्के परतले तर ४०० रुपये. एक गिऱ्हाईक मिळवायला २०० ऐवजी ३२० लागत असतील, तर पहिल्या स्थितीत धंदा चालतो, दुसऱ्यात जेमतेम.

प्रत्येक मार्गाची चाळण, म्हणजे किती जणांपैकी किती घेतात आणि किती परत येतात, वेगळी लिहा, हे दोन्ही पद्धतींना लागू. स्टॉलवर ३,५०० रुपयांत १५ गिऱ्हाइकं मिळाली, तर एक २३३ रुपयांना पडतं, जाहिरातीपेक्षा महाग. पण तिथे माणूस तेलाचा वास घेऊन, चव बघून नेतो. त्याचं परत येणं वेगळं मोजलं तरच स्टॉल बंद करायचा की वाढवायचा हे ठरवता येईल. स्टॉलच्या चाळणीत एक पायरी हवीच: आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घेणं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. दोनशे नंबर गोळा केले आणि निम्म्यांनी सेव्हच केला नाही, तर फेरऑर्डरीचं प्रमाण तेलामुळे नव्हे, न पोचलेल्या निरोपामुळे पडतं.

लक्ष्यापासून मागे येणं टाळता येत नाही अशी एक जागा आहे: बँक. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएमएफएमई योजनेतून ३५ टक्के अनुदानासह कर्ज घ्यायचं असेल, तर प्रकल्प अहवालात विक्रीचा अंदाज आणि यंत्राच्या क्षमतेचा वापर वर्षागणिक दाखवावा लागतो. तो अहवाल जरूर लिहा, पण दाणे खरेदीचा निर्णय त्यावर घेऊ नका. नवा शेंगदाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतो. तेव्हा भरायचा साठा पुढे जाणाऱ्या आराखड्यातल्या ऑर्डरींवर ठरवावा. चौथ्या महिन्यात स्वतःची दोन प्रमाणं हाती आली की मागे येणारं गणित पुन्हा करा. आता त्यात घालायला खरे आकडे असतील.

ज्याच्याकडे वर्षभराच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि तारखा आहेत, त्याने मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष्यातूनच मागे यावं. त्याला पुढे जाणारी पद्धत उगाच लहान विचार करायला लावेल.

किराणा दुकानं या दोन्हींत बसत नाहीत. तिथे तेल कोणी नेलं ते कळत नाही, दुकानदाराचं मार्जिन जातं आणि पैसे उधारीत अडकतात. त्यांचं पान वेगळं ठेवा आणि त्यावर दोनच गोष्टी लिहा: किती दुकानांनी दुसऱ्यांदा माल मागितला, आणि बिलाचे पैसे किती दिवसांनी आले.